एनएलएस जोडलंय, तरी प्रथिन केंद्रकात जात नाही: कुठून तपासायचं

ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की तपासण्याचा क्रम आता ठरूनच गेला आहे. प्रथिनाला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, जोडलेलं असतं, शेपटीला एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनातला केंद्रकाचा पत्ता, म्हणजे एनएलएस, लावलेला असतो. प्लाझ्मिड पेशींत सोडल्यावर दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली जे दिसायला हवं ते दिसत नाही. नेमकं काय दिसतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

पहिला प्रकार: सगळी पेशी सारखीच हिरवी, केंद्रक आणि पेशीद्रव यांत फरकच नाही. दुसरा प्रकार: पेशीद्रव हिरवं आणि केंद्रकाच्या जागी स्वच्छ काळा गोल. हे दोन प्रकार लोक एकाच नावाने सांगतात, "आत जात नाही" म्हणून, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. पहिल्यात प्रथिन आत-बाहेर मोकळं फिरतंय, त्याला आत धरून ठेवणारं काही नाही. दुसऱ्यात ते आत शिरतच नाही, किंवा शिरतं आणि लगेच बाहेर काढलं जातं.

तिसरा प्रकार म्हणजे केंद्रकाभोवती हिरवी कडी. चौथा, काही पेशींत आत आणि शेजारच्याच पेशींत बाहेर. पाचवा सगळ्यांत फसवा: सकाळी आत दिसलं होतं, दुपारी तीच प्लेट पाहिली तर बाहेर.

तुमचा प्रकार वहीत लिहून ठेवा. "केंद्रकात नाही" एवढंच लिहिलेलं असेल तर आठवड्याने त्याचा काही उपयोग होत नाही.

पैसे न लागणारी तपासणी: नीट पाहणं

पहिल्यांदा पेशी ३७ अंशांवर परत ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. पाचव्या प्रकारातल्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. केंद्रकावरणातल्या छिद्रांतून साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा लहान प्रथिनं कोणाच्याही मदतीशिवाय झिरपतात. जीएफपी २७ किलोडाल्टनचं आहे. त्याला नुसतं एनएलएस जोडलं तरी ते आतून सतत बाहेर झिरपत असतं आणि वाहक प्रथिनं त्याला सतत परत आत नेत असतात. आत साठलेलं दिसतं ते या दोन वेगांमधल्या फरकामुळे. प्लेट थंड टेबलावर तासभर राहिली की आत नेण्याचं काम मंदावतं, कारण त्याला तापमान आणि ऊर्जा दोन्ही लागतात. झिरपणं मात्र थंडीतही चालू राहतं. परिणामी साठा बाहेर येतो. प्लाझ्मिडचा यात काही दोष नसतो.

मग गोल झालेल्या पेशी मोजणीतून वगळा. आपल्या पेशींसारख्या प्राणिपेशींत विभाजनाच्या वेळी केंद्रकावरण विरघळतं, आतलं सगळं पेशीभर पसरतं आणि विभाजन संपल्यावर पुन्हा गोळा केलं जातं. चौथ्या प्रकारात "बाहेर" दिसणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच या अवस्थेतल्या निघतात. डीएनएचा रंग वापरला असेल तर आकसलेली गुणसूत्रं लगेच ओळखू येतात.

तिसरी गोष्ट, मायक्रोस्कोप कोणता. साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये केंद्रकाच्या वरचं आणि खालचं पेशीद्रवही त्याच चित्रात मिसळतं. पेशी मध्यभागी जाड असते, म्हणून मोकळं फिरणारं जीएफपीसुद्धा मध्ये जास्त चकाकतं आणि "थोडं आत गेलंय" असा भास होतो. कॉन्फोकलवर केंद्रकाच्या मधला एकच काप घ्या आणि डोळ्याने ठरवू नका, आकडा काढा. केंद्रकातली सरासरी चमक आणि पेशीद्रवातली सरासरी चमक, दोन्हीतून रिकाम्या जागेची चमक वजा करून, एकाला दुसऱ्याने भागायचं. वजाबाकी विसरली की गुणोत्तर १ कडे ओढलं जातं आणि खरा फरक दडतो.

कागदावरची तपासणी: आकार, चौकट, थांबा

इथे मी एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जातो, कारण त्यात जवळजवळ सगळे टप्पे आले. एका सहकारी विद्यार्थिनीचं ६२ किलोडाल्टनचं प्रथिन होतं. समोर जीएफपी, मागे एनएलएस, एकूण साधारण ९० किलोडाल्टन. दिसत होता दुसरा प्रकार, म्हणजे काळा गोल. मोजल्यावर केंद्रकात ४१०, पेशीद्रवात ५२०, रिकाम्या जागी १००. म्हणजे ३१० भागिले ४२०, साधारण ०.७४.

आकार आधी पाहायचा, कारण निष्कर्ष त्यावर ठरतो. ९० किलोडाल्टनचं प्रथिन झिरपून सहज आत जात नाही. त्यामुळे काळा गोल दिसला तर "एनएलएस काम करत नाही" ही शंका रास्त आहे. प्रथिन २० किलोडाल्टनचं असतं आणि जीएफपी धरून ४७ झालं असतं, तर एनएलएस बंद पडल्यावर काळा गोल दिसण्याऐवजी पेशीभर पसरलेली चमक दिसण्याची शक्यता जास्त. ४० ही काही भिंत नाही. आकार वाढत जाईल तसं झिरपणं हळूहळू मंदावतं.

आता चौकट, म्हणजे डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटांत कुठून वाचली जातात ते. एनएलएस शेपटीला असेल तर जीएफपी चमकणं हा एनएलएस जाग्यावर असल्याचा पुरावा नाही. जीएफपी आधी वाचलं जातं. त्यानंतर एक अक्षर गळालं तरी दिवा पेटतोच, पत्ता मात्र बिघडलेला असतो. पाहा:

```
बरोबर:
GGA TCC CCA AAG AAG AAG CGG AAG GTC TAA
 G   S   P   K   K   K   R   K   V  थांबा

एक C गळाला:
GGA TCC CAA AGA AGA AGC GGA AGG TCT AA
 G   S   Q   R   R   S   G   R   S
```

दुसऱ्या ओळीत आर्जिनिन दिसतात म्हणून घाईत पाहणाऱ्याला ती ठीक वाटते. पण आत नेणाऱ्या इम्पॉर्टिन-अल्फाला सलग पाच धनभारित अवशेष, म्हणजे `KKKRK`, आपल्या खाचेत बसवायचे असतात. त्यातला दुसरा लायसिन बदलला की मूळ विषाणू प्रथिनही केंद्रकात जायचं थांबतं, हे १९८४ सालीच दाखवलं गेलं होतं. शिवाय वरच्या चुकीत थांबण्याचा संकेतही मोडला आहे, म्हणून मागे प्लाझ्मिडमधला निरर्थक तुकडा जोडला जातो.

याहून जास्त वेळा सापडणारी चूक साधी आहे. मूळ प्रथिनाचा स्वतःचा थांबा संकेत काढायचा राहतो आणि एनएलएस कधी वाचलंच जात नाही. म्हणून सीक्वेन्सिंग शेपटीकडून उलट दिशेने करून घ्या. समोरून केलेलं वाचन जीएफपीतच संपतं आणि सगळं बरोबर असल्याचा खोटा दिलासा देतं. आमच्या उदाहरणात शेपटी अक्षरशः बरोबर निघाली.

एका दिवसाची तपासणी: ओळखीचं प्रथिन सोबत सोडा

शंका तुमच्या प्रथिनावर आहे की पेशीवर, हे आता वेगळं करायचं. त्याच पेशींत लाल रंगाचं, खात्रीने केंद्रकात जाणारं प्रथिन सोडा. शक्यतो ६० किलोडाल्टनपेक्षा मोठं घ्या, म्हणजे ते झिरपून आत गेल्याची पळवाट राहत नाही. लाल आत आणि हिरवं बाहेर असेल तर दरवाजा ठीक आहे, दोष हिरव्या प्रथिनात शोधा. दोन्ही बाहेर असतील तर पेशी आजारी आहे, प्लाझ्मिडला हात लावू नका.

दोन्ही बाहेर असतील तेव्हा मी आणखी एक गोष्ट पाहतो: आरएनए. एम-आरएनएच्या शेपटीवरच्या ॲडेनिनच्या साखळीला चिकटणारा रंगीत तुकडा वापरून आरएनए कुठे आहे ते रंगवता येतं. निरोगी पेशीत तो पेशीद्रवातही भरपूर दिसतो. बहुतेक एम-आरएनए वेगळ्या वाहकाच्या जोडीवर, एनएक्सएफ१ आणि एनएक्सटी१ वर, बाहेर जातो. ही जोडी त्याच छिद्रांतून जाते, पण प्रथिनांच्या वाहकांना दिशा देणारी रॅनची यंत्रणा थेट वापरत नाही. म्हणून प्रथिनं बाहेर अडकली असतील आणि आरएनएचं वाटप नेहमीसारखं असेल, तर छिद्रं बंद नाहीत, बिघाड वाहकांत किंवा रॅनमध्ये आहे. आरएनए केंद्रकातच तुंबला असेल तर बिघाड मोठा आहे.

तुमचं प्रथिन स्वतः आरएनएला धरून ये-जा करणारं असेल तर प्रयोगात ट्रान्सक्रिप्शन थांबवणारं औषध होतं का तेही आठवा. एचएनआरएनपी-ए१ सारखी प्रथिनं ॲक्टिनोमायसिन-डी दिल्यावर पेशीद्रवात साठतात, कारण त्यांचं परत आत येणं चालू ट्रान्सक्रिप्शनवर अवलंबून असतं. अशा वेळी एनएलएसमध्ये दोष शोधणं म्हणजे आठवडा वाया घालवणं.

याच दिवशी वेस्टर्न ब्लॉटही लावून टाका, जीएफपीच्या अँटिबॉडीने. ९० च्या जागी २७ किलोडाल्टनला ठळक पट्टी आली तर प्रथिन तुटतंय आणि तुम्ही सुट्या जीएफपीकडे बघत आहात. पहिल्या प्रकाराचं, म्हणजे सगळीकडे सारख्या हिरव्याचं, हे नेहमीचं कारण आहे. आणि प्लाझ्मिडची मात्रा निम्मी, मग पाव करून पाहा. अतिचमकदार पेशींत इम्पॉर्टिन कमी पडतात आणि माल बाहेर साचतो. फिकट पेशींत प्रथिन आत आणि झगझगीत पेशींत बाहेर असेल तर उत्तर मिळालं.

आमच्या उदाहरणात लाल आत होतं, पट्टी ९० लाच होती आणि फिकट पेशींतही गोल काळाच होता.

एका तासाचा खरा प्रयोग: बाहेरचा रस्ता बंद करा

केंद्रकात नसणं म्हणजे आत न जाणं असं गृहीत धरलं जातं आणि सगळे एनएलएसच्या मागे लागतात. पण जितक्या वेळा प्रथिन आत जातं तितक्याच तत्परतेने कोणी त्याला बाहेर नेत असेल, तरी चित्र तेच दिसतं. हे कळण्यासाठी रॅन थोडं समजून घ्यावं लागतं.

रॅन हे छोटं प्रथिन जीटीपी धरून असतं किंवा त्याचं तुटलेलं रूप, जीडीपी. त्याला जीटीपी देणारं आरसीसी१ गुणसूत्रांना चिकटून बसलेलं असतं, म्हणजे केंद्रकात. जीटीपी तोडायला लावणारं रॅनगॅप पेशीद्रवात असतं, त्याचा एक भाग छिद्राच्या बाहेरच्या तंतूंवरच बांधलेला. त्यामुळे जीटीपीवालं रॅन आत भरपूर आणि बाहेर नगण्य. इम्पॉर्टिन-बीटा माल घेऊन आत आलं की जीटीपीवालं रॅन त्याला चिकटतं आणि माल सुटतो. बाहेर नेणाऱ्या सीआरएम१ चं बरोबर उलट: ते जीटीपीवालं रॅन सोबत असतानाच माल घट्ट धरतं, आणि बाहेर आल्यावर जीटीपी तुटलं की सोडून देतं. छिद्र दोन्ही दिशांना खुलं असतं. आत आणि बाहेर हे ठरतं ते वाहक माल कुठे धरतो आणि कुठे सोडतो यावर.

सीआरएम१ जो पत्ता वाचतं त्याला एनईएस म्हणतात: ल्युसिनसारखे चार पाणी टाळणारे अवशेष ठरावीक अंतरांवर. असा क्रम अनेक प्रथिनांत योगायोगानेही सापडतो, पण तो प्रथिनाच्या पोटात घडी होऊन दडलेला असतो. तुम्ही प्रथिनाचा तुकडा कापून घेतला असेल तर तो उघडा पडू शकतो.

लेप्टोमायसिन-बी सीआरएम१ च्या ५२८ व्या सिस्टीनला कायमचं चिकटतं आणि मग माल धरायला जागा उरत नाही. मी १० नॅनोमोलर मात्रेत एक तास देतो, शेजारच्या प्लेटला तेवढंच नुसतं विरघळवायचं द्रावण. तिसऱ्या प्लेटमध्ये एनईएस असल्याचं माहीत असलेलं प्रथिन ठेवा. ते आत साठलं नाही तर औषधच मेलेलं आहे आणि बाकीच्या निकालाला अर्थ नाही. हातमोजे घालून काम करा, हे पेशींसाठी विष आहे. पाव फुगवायच्या साध्या यीस्टवर मात्र हा प्रयोग करू नका. त्यांच्या सीआरएम१ मध्ये त्या जागी थ्रिओनिन आहे, औषध चिकटतच नाही.

त्या विद्यार्थिनीच्या पेशी एका तासाने पाहिल्या तेव्हा काळा गोल गेला होता आणि त्याच जागी चकचकीत हिरवा गोल. केंद्रकात १४६०, पेशीद्रवात ३००, रिकाम्या जागी १००. म्हणजे १३६० भागिले २००, ६.८. एनएलएस पहिल्या दिवसापासून काम करत होतं. प्रथिनाच्या क्रमात मग हा तुकडा सापडला:

```
मूळ:     L E E L T K R L A L
बदललेला: L E E L T K R A A A
```

शेवटचे दोन ल्युसिन ॲलानिन केल्यावर औषध न देताही प्रथिन आत राहायला लागलं. तिने तीन आठवड्यांत एनएलएसच्या चार नव्या रचना बनवल्या होत्या. हा एका तासाचा प्रयोग आधी झाला असता तर त्यांची गरजच पडली नसती. म्हणून मी तो नवं क्लोनिंग करण्याच्या आधी ठेवतो, औषध महाग असलं तरी.

नवं क्लोनिंग: पत्ता झाकला गेला आहे का

लेप्टोमायसिनने काहीच बदललं नाही तर खरोखर आत जाणं अडलं आहे. आता एनएलएस दुसऱ्या टोकाला हलवा, आणि त्याच्या व प्रथिनाच्या मध्ये दहा-पंधरा ग्लायसिन-सेरिनचा लवचीक दोर ठेवा. घडी झालेल्या प्रथिनाला टेकलेला पत्ता इम्पॉर्टिन-अल्फाला वाचता येत नाही. पेशी स्वतःही ही युक्ती वापरते: एनएफ-कप्पा-बी चा पत्ता आयकप्पाबी झाकून ठेवतो, आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हॉर्मोन मिळेपर्यंत बहुतांशी बाहेर असतो. तुमचं प्रथिन अशा घराण्यातलं असेल तर आधी तो संकेत द्या, १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन देऊन अर्ध्या तासात रिसेप्टर आत जाताना दिसतो.

कडी दिसत असेल तर क्लोनिंगच्या आधी क्रमात लांब, पाणी टाळणारा पट्टा शोधा. केंद्रकावरणाचं बाहेरचं पटल ईआरशी, म्हणजे पेशीद्रवातल्या पटलांच्या जाळ्याशी, सलग जोडलेलं आहे, म्हणून पटलात अडकलेलं प्रथिन कडीसोबत पेशीद्रवात जाळीही दाखवतं. जाळी असेल तर प्रथिन छिद्रापाशी अडकलेलं नाही, पटलात रुतलं आहे, आणि एनएलएस बदलून उपयोग नाही. जाळी नसेल आणि कडी ठिपक्यांची असेल तर एमएबी-४१४ ही अँटिबॉडी वापरून छिद्रं रंगवा आणि दोन्ही ठिपके जुळतात का पाहा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ठिपके जुळतात असं वाटलं तरी तिथून पुढे स्वतः निष्कर्ष काढू नका. छिद्राचा व्यास साधारण १२० नॅनोमीटर, आणि साधा प्रकाश-मायक्रोस्कोप २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करून दाखवत नाही. प्रथिन छिद्रात आहे की शेजारच्या पटलावर, हे सुपर-रिझोल्यूशन किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी चालवणारी व्यक्तीच सांगू शकेल.

क्रम बरोबर, दोन्ही टोकं तपासलेली, लेप्टोमायसिनचा परिणाम नाही, ओळखीचं लाल प्रथिन आत, आणि तरी तुमचं बाहेर, अशी स्थिती असेल तर डिजिटोनिनची चाचणी करणारी प्रयोगशाळा गाठा. त्यात पेशीचं बाहेरचं पटल, ज्यात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, तेवढंच छिद्रित करतात आणि केंद्रकावरण शाबूत ठेवतात. मग शुद्ध वाहक, रॅन आणि ऊर्जा एकेक करून घालून नेमकं काय कमी पडतंय ते पाहतात. १९९० पासून ही पद्धत वापरात आहे, पण मात्रा जराशी जास्त झाली की केंद्रकावरणही फुटतं आणि सगळंच "आत गेलेलं" दिसतं. सरावाचा हात नसेल तर पहिल्या खेपेला एकट्याने करू नका. त्यांच्याकडे जाताना प्लाझ्मिडचा पूर्ण क्रम, वेस्टर्न ब्लॉट, लेप्टोमायसिन आधी-नंतरचे कच्चे फोटो आणि लाल प्रथिनाची चित्रं सोबत न्या.

आणि पेशी रुग्णाच्या असतील, केंद्रकं वेडीवाकडी किंवा फुगे आलेली दिसत असतील, किंवा आतलं प्रथिन मधूनच बाहेर सांडून पुन्हा आत जात असेल, तर हा प्लाझ्मिडचा प्रश्न राहिला नाही. आतल्या पटलाखालचं लॅमिनचं अस्तर कमकुवत असलं की केंद्रकावरण फाटतं आणि पुन्हा सांधतं. तिथे प्रयोग थांबवा आणि ते नमुने ज्या डॉक्टरांकडून आले त्यांना व जनुकीय आजारांच्या तज्ज्ञांना कळवा.